चेक इंजिनचा दिवा: नुसता पेटलेला आणि लुकलुकणारा, फरक काय?

फोंडेकार
मंडळी, गाडीतल्या जाणकारांना एक प्रश्न. गाडी २०१७ची, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, ७८ हजार किलोमीटर झालेली. गेल्या शुक्रवारी घरच्यांना घेऊन साखळी-केरी-चोर्ला मार्गे बेळगावला निघालो होतो. पाऊस धो धो. केरी सोडून घाट चढायला लागलो, तिसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला की गाडी अडखळायची, मागून कोणी धरून ठेवल्यासारखी. आणि इंजिनाचं चित्र असलेला तो पिवळा दिवा लुकलुकायला लागला. पाय काढला की लुकलुकणं थांबायचं, पण दिवा पेटलेलाच राहायचा. परत पाय दाबला की परत सुरू.

वर पोचल्यावर चहाला थांबलो. पुन्हा चालू केली तेव्हा दिवा स्थिर होता, आयडलिंगला थोडी थरथर. हळूहळू बेळगाव गाठलं आणि तसाच परत आलो. उतारावर काहीच त्रास नाही, सपाटीला जवळजवळ नाहीच. इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवली तर म्हणतो, "सेन्सर असतलो, पावसात जाता, दिवो काडून दितां." मी तूर्त नको म्हटलं.

दिवा एकच आहे, मग कधी स्थिर आणि कधी लुकलुकता, याला काही अर्थ आहे का? आणि असं किती दिवस चालवता येईल?

टॅक्सी_वास्को
अर्थबिर्थ काही नाही हो. माझ्या गाडीचा दिवा वर्षभर पेटलेला आहे. विमानतळ ते काणकोण, विमानतळ ते पेडणे, रोज चालू आहे. अ‍ॅव्हरेजही तेवढंच. स्कॅन केलं तेव्हा मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर निघाला. बदलणार आहे, पण सीझन संपला की. गॅरेजवाले दिव्याची भीती घालूनच पोट भरतात.

म्हापशाचा_मिस्त्री
टॅक्सीबाब, तुमचं तुमच्या दिव्यापुरतं बरोबर आहे. तुमचा स्थिर आहे. फोंडेकारांचा लुकलुकला, ते प्रकरण वेगळं.

स्थिर दिवा म्हणजे कॉम्प्युटरला काहीतरी चुकीचं दिसलं, त्याने कोड लिहून ठेवला, सवडीने तपासा. त्यात हीटरसारखी किरकोळ गोष्ट असते तशी गंभीरही असते, दिव्यावरून ते कळत नाही. पण इंजिन चालू असताना, तेही जोर लावल्यावर, दिवा सेकंदाला एकदा असा लुकलुकतो तेव्हा त्याचा अर्थ एकच: इंजिन मिसिंग करतंय, आणि इतकं करतंय की या क्षणी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतोय. झालेल्या नुकसानीची ती नोंद नाही, चालू असलेल्या नुकसानीची आहे. म्हणून तो पाय काढल्यावर थांबतो. तुमचं लक्षण अगदी तेच सांगतं.

आता कन्व्हर्टरच का? आपल्या हातून जे कन्व्हर्टर उघडून निघतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा मृत्यू असाच झालेला असतो. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल दोन्ही शिरलं, ठिणगी पडली नाही. ते मिश्रण न जळता तसंच सायलेन्सरच्या वाटेला लागतं. पुढे कन्व्हर्टर आहे, त्याचं कामच मुळी उरलेलं इंधन जाळणं. एरवी त्याच्या वाट्याला चिमूटभर येतं आणि त्याचं तापमान साधारण ४०० ते ८०० अंश सेल्सिअसमध्ये राहतं. इथे त्याला अख्ख्या सिलिंडरचं पेट्रोल मिळतं, आणि जाळायला ऑक्सिजनही सोबतच. म्हणजे जे सिलिंडरमध्ये जळायचं ते कन्व्हर्टरच्या पोटात जळतं. तापमान हजाराकडे गेलं की आतल्या मधाच्या पोळ्यासारख्या चिनीमातीवर जो प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा बारीक थर असतो, त्याचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. पृष्ठभाग कमी झाला की काम कमी. हे दिसत नाही, आवाज येत नाही आणि परत दुरुस्त होत नाही. त्याहून पुढे, चौदाशेच्या आसपास, ती चिनीमातीच वितळते आणि पोळ्याची भोकं बुजतात. मग गाडीचा श्वासच कोंडतो, पिकअप गेला म्हणून लोक क्लच बदलत बसतात.

फोंडेकार, त्यांना दिवा "काढायला" दिला नाहीत ते उत्तम केलंत. कोड पुसला की त्याच्यासोबत साठवलेली त्या क्षणाची नोंदही जाते, आणि आपल्याला तीच हवी आहे. आधी स्कॅनर लावून सगळं वाचा, फोटो काढा, इथे टाका. तोवर घाट नको, आणि जोर लावून ओव्हरटेकही नको.

दर्यावर्दी
मिस्त्रींशी सहमत, पण एक युक्ती सांगतो. अनमोड घाटात आमची जुनी कार्बोरेटरवाली अशीच मिसिंग करायची. बोनेट उघडायचं, मरतंय त्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढून ठेवायची, आणि तीन सिलिंडरवर आरामात मोले गाठायचं. हल्ली कॉइल असते, तिचा सॉकेट काढा. झटके बंद होतात, सिलिंडरच बाद. घरी पोचता येतं.

म्हापशाचा_मिस्त्री
नको नको. झटके बंद होत नाहीत, नियमित होतात, म्हणून बरं वाटतं. कॉइलचा सॉकेट काढलात म्हणजे ठिणगी पूर्ण बंद, इंजेक्टर मात्र पेट्रोल टाकतोच आहे. पूर्वी अधूनमधून जे न जळलेलं पेट्रोल जात होतं ते आता प्रत्येक फेरीला जाणार. तुमच्या कार्बोरेटरवाल्या गाडीला कन्व्हर्टर नव्हता, तिथे जळायला काही नव्हतं. आजच्या गाडीत हाच उपाय म्हणजे बिघाड शंभर टक्के करून देणं.

अगदीच अडलं, आणि कोणतं सिलिंडर ते नक्की ठाऊक असेल, तर त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा सॉकेट काढायचा. पेट्रोलच बंद. तेही जवळच्या गॅरेजपर्यंतच. कारण त्या सिलिंडरची कोरी हवा बाहेर जाते, पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती बघून 'मिश्रण पातळ आहे' असं समजतो, आणि कॉम्प्युटर बाकीच्या तिघांना जास्त पेट्रोल पाजतो.

पर्वरीची_मुग्धा
हे वाचून घाबरले! माझ्या स्कूटरचा तो दिवा चावी फिरवल्यावर लुकलुकतो. कधी लांब, कधी आखूड. म्हणजे कन्व्हर्टर जळतोय? अजून स्टार्टपण केलेली नसते.

म्हापशाचा_मिस्त्री
नाही मुग्धाताई, तो वेगळा प्रकार. काही फ्युएल इंजेक्शनच्या दुचाक्यांत दिवा लुकलुकून कोडचा आकडा सांगतो. लांब लुकलुकणं म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. एक लांब आणि दोन आखूड असतील तर बारा. किती ते मोजा आणि सर्व्हिसवाल्याला सांगा. काही चारचाकींतही इंजिन बंद, चावी चालू असताना दिवा चारपाच वेळा लुकलुकतो, तपासण्या अपुऱ्या आहेत एवढंच सांगायला. इंजिन बंद असताना कन्व्हर्टर जळत नाही.

नीज_गोंयकार
शंका. कॉम्प्युटरला मिसिंग झालं हे कळतं कसं? तो काय सिलिंडरमध्ये बसून बघतो? आमच्या रस्त्यांवर गाडी तशीही सतत उड्या मारते. जुलैत पणजी-फोंडा जाताना माझीही गाडी झटके देते, ते मिसिंग की खड्डे, हे मलाच कळत नाही!

दिवाडची_कल्पना
हे माझं क्षेत्र, पुण्यात इंजिन कॅलिब्रेशनचंच काम करते, म्हणून लिहिते.

प्रत्येक वेळी सिलिंडर पेटलं की क्रँकशाफ्टला एक छोटा धक्का बसतो आणि ती किंचित वेगात फिरते. क्रँकच्या दात्यांवर नजर ठेवणारा सेन्सर दोन दात्यांमधला वेळ मोजतो. ज्या सिलिंडरचा धक्का आला नाही, त्या क्षणी क्रँक जराशी रेंगाळते. तेवढ्यावरून 'दोन नंबर पेटला नाही' हे काढतात. आणि हो, खड्ड्यात चाक आपटलं की तो हिसका गिअरबॉक्समार्गे क्रँकपर्यंत पोचतो आणि मिसिंगसारखाच दिसतो. म्हणून रस्ता खराब आहे असं दिसलं की, पुष्कळ गाड्यांत चाकांच्या वेगाच्या सेन्सरवरून, ही मोजणी तेवढ्यापुरती थांबवतात. गोव्याच्या रस्त्यांना भिऊन कॉम्प्युटर डोळे मिटून घेतो म्हणा ना.

दिवा लुकलुकायचा की स्थिर लावायचा, याचे दोन वेगळे हिशेब असतात. एक हिशेब धुराच्या मर्यादेचा. क्रँकच्या १००० फेऱ्यांत किती ठिणग्या वाया गेल्या ते पाहायचं. प्रदूषणाची मर्यादा ओलांडेल इतक्या गेल्या तर नोंद, आणि पुढच्या प्रवासात पुन्हा तसंच दिसलं तर स्थिर दिवा. दुसरा हिशेब कन्व्हर्टरच्या जिवाचा, तो २०० फेऱ्यांचा आणि दोन प्रवासांची वाट न पाहणारा. फोंडेकारांच्या घाटाचं उदाहरण घ्या. ३००० आरपीएमला इंजिन सेकंदाला ५० फेऱ्या मारतं, म्हणजे २०० फेऱ्या चार सेकंदांत. तेवढ्यात चार सिलिंडर मिळून ४०० वेळा पेटायला हवीत. एक सिलिंडर पूर्ण मेलं तर त्यातल्या १०० वाया, म्हणजे पंचवीस टक्के. कन्व्हर्टर वाचवायची मर्यादा यापेक्षा बरीच खाली असते, आणि वेग आणि भार वाढेल तशी आणखी खाली येते, कारण जोर लावताना प्रत्येक फेरीला पेट्रोलच जास्त शिरतं. म्हणून तोच बिघाड सपाटीला शांत आणि घाटात लुकलुकणारा.

यातूनच एक गैरसमज होतो. लुकलुकणं थांबून दिवा स्थिर झाला म्हणजे बरं झालं, असं नाही. मर्यादेच्या खाली आलं, एवढंच. शिवाय काही गाड्यांत मिसिंग फार झालं की कॉम्प्युटर त्या सिलिंडरचा इंजेक्टर स्वतःच बंद करतो. मग गाडी थरथरते, दिवा स्थिर, आणि चालकाला वाटतं धोका टळला. कन्व्हर्टरचा टळला असेल, पण तीन सिलिंडरवर चोर्ला चढणार कसा?

टॅक्सी_वास्को
बरं, हे मान्य. पण मग उतारावर का नाही काही झालं? तिथेही आरपीएम असतातच की.

दिवाडची_कल्पना
गिअरमध्ये ठेवून पाय पूर्ण काढला की इंजेक्टर सगळेच बंद होतात, चाकं इंजिनाला फिरवतात. पेट्रोलच नाही तर न जळलेलं पेट्रोल कुठून येणार? उलट थंड हवा जाऊन कन्व्हर्टर निवतो. (चावी बंद करून उतरणं मात्र कोणी करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते.)

साष्टीचो_भाट
तुम्ही सगळे मुद्दा सोडून बोलताय. हे ई-२० पेट्रोल आल्यापासूनचं दुखणं आहे. इथेनॉल पाणी ओढतं, पावसाळ्यात टाकीत पाणी, मग मिसिंग. २०१७ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही.

म्हापशाचा_मिस्त्री
पाणी ओढतं हे खरं. पण पाणी टाकीत असेल तर ते चारही सिलिंडरांना सारखं मिळेल, आणि स्कॅनरवर बहुतेक P0300 दिसेल, म्हणजे कुठलंही एक सिलिंडर नाही, विस्कळीत मिसिंग. एकाच नंबरवर बोट असेल तर पेट्रोलला दोष देण्याआधी त्या सिलिंडरची कॉइल, प्लग, इंजेक्टर बघायचे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांवर ई-२०चा काय परिणाम होतो, हा वाद वेगळा धागा काढून घालूया.

साष्टीचो_भाट
घालूच. मी माघार घेतलेली नाही.

फोंडेकार
स्कॅन केलं. कोड `P0302`. सोबतच्या नोंदीत इंजिन २८५० आरपीएम, लोड ८४ टक्के, पाण्याचं तापमान ९१, वेग ४७. म्हणजे घाटातलाच क्षण. बाकी कोड नाही. पुढे काय करायचं? मेकॅनिक म्हणतो चारही कॉइल आणि चारही प्लग बदलून टाकू.

म्हापशाचा_मिस्त्री
शेवटचे दोन आकडे सिलिंडरचा नंबर, म्हणजे दोन नंबर. बदलायची घाई नको, आधी फुकटची चाचणी. कोड लिहून झालेत, आता पुसायला हरकत नाही. इंजिन थंड असताना दोन नंबरची कॉइल काढून तीनवर बसवा, तीनची दोनवर. प्लगना हात लावू नका, एका वेळी एकच गोष्ट हलवायची. मग फर्मागुडीचा चढ एकदा चढा. दिवा लुकलुकताच पाय काढा, लगेच वाचा. कोड `P0303` झाला तर कॉइल दोषी. `P0302`च राहिला तर प्लग तसाच अदलाबदल करा, मग इंजेक्टर, आणि तरीही दोनच राहिला तर कॉम्प्रेशन मोजायला लागेल, तो खर्चाचा रस्ता.

आणि कॉइल उपसताना प्लगच्या विहिरीत बॅटरी मारून बघा. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या केसेस तिथेच सुटतात.

फोंडेकार
मिस्त्री, दंडवत. दोन नंबरच्या विहिरीत तळाला पाणी होतं, प्लगच्या षटकोनावर गंज. कॉइलचं रबरी टोपण बाहेरून ठीक, पण उलटं करून पाहिलं तर आतल्या बाजूला केसासारखी वाकडीतिकडी काळी रेघ, टोकापासून वरपर्यंत. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरही तशीच रेघ. कॉइल अदलाबदल करून चढ चढलो: `P0303`. फोटो टाकतोय.

म्हापशाचा_मिस्त्री
ती रेघ म्हणजे ठिणगीची चोरवाट. ओलाव्यातून ठिणगी एकदा बाहेरच्या बाजूने उडाली की कोळशाचा माग सोडते, पुढच्या वेळी तिला तीच वाट सोपी. आयडलिंगला सिलिंडरमध्ये दाब कमी, तिथे ठिणगी सरळ जागेवर पडते. घाटात थ्रॉटल उघडा, दाब जास्त, प्लगच्या फटीतून उडी मारणं अवघड, मग ती चोरवाटेने पळते. म्हणून फक्त चढावर.

कॉइल बदला, आणि प्लगही बदला, कारण रेघ दोघांवर आहे. जुना प्लग ठेवलात तर तो नवीन टोपण महिन्याभरात खाईल. कॉम्प्रेसरने विहीर कोरडी करा, मगच प्लग सोडवा, नाहीतर गंज आणि पाणी सिलिंडरमध्ये पडेल. पाणी कुठून आलं ते शोधा: बोनेटच्या मागच्या कडेची रबरपट्टी, नाहीतर कोणीतरी इंजिनावर मारलेला प्रेशर वॉश. पाण्याऐवजी तेल दिसलं असतं तर व्हॉल्व कव्हरचं पॅकिंग म्हटलं असतं. आणि डिपस्टिक काढून वास घ्या. न जळलेलं पेट्रोल थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून तेलातही उतरतं. पेट्रोलचा वास येत असेल, पातळी वाढली असेल तर तेल बदला.

फोंडेकार
प्रेशर वॉशच! गटारीच्या आधी केलं होतं. कॉइल, प्लग बदलले, तेलाला वास नव्हता. चोर्ला पुन्हा चढून आलो, एकदाही लुकलुकला नाही. पण आता मूळ भीती: कन्व्हर्टर शाबूत आहे का? कसं कळेल?

दिवाडची_कल्पना
स्कॅनरवर पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्ट शेजारी शेजारी बघा. तुमच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत पुढचा सेन्सर साधा असतो, तो गरम इंजिनावर ०.१ ते ०.९ असा सतत वरखाली होतो. कन्व्हर्टर चांगला असेल तर मागचा ०.६-०.७च्या आसपास जवळजवळ सरळ राहतो. मागचा पुढच्याची नक्कल करू लागला की कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवत नाहीये, आणि काही दिवसांत `P0420` येतो.

म्हापशाचा_मिस्त्री
ती चाचणी थर मेला का ते सांगेल. वितळून बुजला का, त्यासाठी पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावतो आम्ही. आयडलिंगला दीड पीएसआयच्या खाली आणि २५०० आरपीएमला तीनच्या खाली असलं तर मार्ग मोकळा.

फोंडेकार
गेज लावून घेतलं: आयडलिंगला अर्धा, २५००ला सव्वा. मागचा सेन्सर ०.६५वर उभा असतो, पण २५०० आरपीएमला मिनिटभर धरलं की अधूनमधून ०.४पर्यंत डुबकी मारून परत वर येतो. कोड नाही.

म्हापशाचा_मिस्त्री
बुजलेला नाही. डुबकी म्हणजे थोडा थर गेला. माझ्या मते बदलायची गरज नाही, चालवा.

दिवाडची_कल्पना
मी इतक्यात 'थोडा गेला' असं म्हणणार नाही. ७८ हजारांवर तेवढी डुबकी घाटाआधीही असेल, आपल्याकडे आधीचा ग्राफ नाही. दोन-तीन महिन्यांनी याच आरपीएमला, याच तापमानाला पुन्हा मोजा. डुबक्या वाढल्या तर मिस्त्रींचं बरोबर.

म्हापशाचा_मिस्त्री
चालेल. पण पाऊस संपेपर्यंत इंजिनावर पाणी मारू नका, हे तुमच्या वॉशिंगवाल्याला सांगा.

टॅक्सी_वास्को
कल्पनाताई, एक राहिलं. माझा हीटरचा दिवा वर्षभर स्थिर आहे म्हणालो. उद्या माझंही मिसिंग झालं तर तो पेटलेला दिवा लुकलुकेल ना, की आधीच पेटलाय म्हणून नवीन काही दिसणार नाही?

दिवाडची_कल्पना
तेवढं मिसिंग झालं तर पेटलेला दिवाही लुकलुकायला लागेल. पण स्थिर दिवा लागण्याइतकंच मिसिंग असेल, किंवा दुसराच कुठला कोड असेल, तर तुम्हाला काही कळणार नाही, दिवा आधीच पेटलाय. सीझन संपायची वाट न पाहता हीटर बदला, भाऊ.